सुभेदारांच्या आंब्याची तब्येत

शेतकी खात्यात ओव्हरसियर म्हणून मी साताऱ्याला रुजू झालो तेव्हा लढाई संपत आली होती, पण पेट्रोल अजून मिळत नव्हतं. सर्व्हिस मोटारी मागं कोळशाची भट्टी बांधून चालत आणि चढ लागला की उतारूंना खाली उतरून ढकलावं लागे. अशाच एका मोटारीला मेढ्याच्या वाटेवर तीन वेळा ढकलून मी एका आंब्याच्या झाडाची तब्येत बघायला गेलो, त्याची ही हकीकत.

कचेरीत एक अर्ज आला होता. अक्षर शाळामास्तराचं आणि खाली नुसता अंगठा, नाव नाही. मजकूर दोनच ओळींचा होता. आमच्या जुन्या आंब्याला अंगभर चट्टे उठले आहेत, मालकांनी झाड पाडायचं ठरवलं आहे, तरी सरकारनं येऊन रोग आहे की नाही ते सांगावं. हेडक्लार्कनं अर्ज माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाला, तुम्ही नुकतेच शिकून आलाय, तुमच्या सगळं ध्यानात असेल.

माझ्या ध्यानात फारसं काही नव्हतं. पुण्याच्या कॉलेजात उसाचा, ज्वारीचा मी जीव लावून अभ्यास केला होता. पण बिनफुलांच्या वनस्पती, म्हणजे शेवाळं, दगडफुलं, नेचे, हा भाग मी सोडून दिला होता. परीक्षेत नेच्यावर प्रश्न आला आणि तेवढाच मला पाठ होता म्हणून निभावलं. तेव्हा मी जुनं पुस्तक पिशवीत घातलं, खिशात भिंग ठेवलं आणि मोटारीत वाचत निघालो. ढकलायला उतरताना पान चुकायचं. शेवाळाचं निम्मं आणि दगडफुलाचं निम्मं असं काहीतरी डोक्यात घेऊन मी गावात पोचलो.

मालक निघाले पेन्शनीतले सुभेदार. मागल्या लढाईत मेसोपोटेमियाला जाऊन आलेले, मिशा अजून वर वळवलेल्या, अंगात खाकी शर्ट आणि खाली धोतर. सरकारनं आपण होऊन माणूस पाठवला याचा त्यांना अचंबा वाटला नाही. आपल्या झाडांची खबर सरकारला असणारच, अशी त्यांची खात्री होती. अर्ज कुणी केला हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नाही, कारण मलाही ठाऊक नव्हतं.

अंगणात दोन माणसं लांबलचक करवत आडवी ठेवून विडी ओढत बसली होती. ती झाड पाडायला आली होती. सुभेदारांनी त्यांना सांगितलं, साहेबांची तपासणी होईस्तवर थांबा. ती आनंदानं थांबली. थांबल्यावर जेवण मिळणार होतं.

मग आम्ही बागेत गेलो. बावीस झाडं होती आणि प्रत्येकाच्या बुंध्यावर पत्र्याचा नंबर. बुंधे कमरेपर्यंत चुन्यानं रंगवलेले, वर गेरूचा पट्टा. तीन-चार वर्षांपूर्वी सुभेदार एका छावणीत जुन्या साहेबाला भेटायला गेले होते. तिथं झाडं अशी रंगवलेली त्यांनी पाहिली आणि घरी येऊन आपली झाडं पाहिली, तर त्यांच्या मते ती दाढी न केलेल्या रंगरुटासारखी उभी होती. तेव्हापासून दर आठवड्याला गड्यांकरवी बुंधे घासायचा हुकूम सुटला. काथ्या, वाळू आणि सोडा. चट्टे निघून जायचे, सालही थोडी निघायची, आणि पावसाळा झाला की चट्टे पुन्हा हजर.

"सात नंबरपास्नं साथ सुरू झाली," सुभेदार म्हणाले. "सात नंबर खलास केला की बाकीची पलटण वाचंल."

सात नंबर म्हणजे विहिरीजवळचा जुना रायवळ आंबा. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असा. खालचा बुंधा रंगवलेला, पण वर गड्यांचा हात पोचत नव्हता तिथं झाडानं हवं ते अंगावर घेतलं होतं. पांढरे, राखी, फिकट हिरवे चट्टे, कुणी कालवलेला चुना फेकल्यासारखे सालीला चिकटलेले. मधेमधे कुरळ्या कडांच्या राखी पापड्या. उत्तरेच्या अंगाला वाळून तपकिरी झालेलं शेवाळ. आणि दोन फांद्यांच्या बेचक्यात नेच्याचा एक मोठा झुबका, खाली सुकलेल्या तपकिरी पानांची टोपली आणि वर कातरलेली लांब हिरवी पानं. याला आमच्याकडं बाशिंग म्हणतात, आणि खरोखरच झाड बोहल्यावर चढायला निघाल्यासारखं दिसत होतं.

मी भिंग काढलं. सुभेदार माझ्या शेजारी सावधान उभे राहिले. मी जितका वेळ पाहत राहिलो तितकी त्यांची खात्री वाढत गेली की आजार गंभीर आहे. खरं म्हणजे मी मोटारीत वाचलेलं आठवत होतो.

शेवटी मी धीर करून सांगितलं की यातला एकही रोग नाही. बाशिंग झाडावर नुसतं बसतं. त्याची मुळं सालीच्या वर पसरतात, आत शिरत नाहीत, आणि गळालेली पानं आपल्या टोपलीत साठवून त्यांच्या खतावर ते जगतं. शेवाळाला तर खरी मुळंच नसतात, पावसाचं पाणी अंगानंच पितं. आणि हे चट्टे म्हणजे दगडफुलाच्याच जातीचे. एक बुरशी आणि एक अगदी बारीक हिरवं शेवाळ, दोघांनी मिळून थाटलेला संसार. हिरवं असतं ते उन्हावर स्वयंपाक करतं, बुरशी घर सांभाळते. झाडाकडून त्यांना बसायला जागा तेवढी लागते.

सुभेदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग यांची ड्यूटी काय?

ड्यूटी काही नाही, असं मी म्हणालो. ही गोष्ट त्यांना रोगापेक्षाही वाईट वाटली. रोग निदान काहीतरी करतो.

मग त्यांनी मला विहीर दाखवली. जुनी, चुन्यात बांधलेली, खाली उतरायला पायऱ्या. सांध्यांतून हंसराजाची नाजूक झुबकी लोंबत होती, तीही निम्म्या भिंतीवरच, कारण उरलेल्या निम्म्या भिंतीतली त्यांनी पहारीनं उपटून काढली होती. हंसराजाबरोबर सांध्यातला चुनाही आला होता आणि तिथं बोट जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. मी म्हणालो, नेच्यानं भिंतीचं जेवढं वाकडं केलं नसतं तेवढं पहारीनं केलंय. हंसराज ओल आहे तिथं उगवतो, ओल तो आणत नाही. फटी चुन्यानं बुजवा आणि त्याला सोडा. पिंपळाचं रोप दिसलं तर मात्र बोटाएवढं असतानाच काढा, त्याचं मूळ जाड होऊन दगड सरकवतं.

पायऱ्यांवर हिरवंगार शेवाळ होतं. माझ्या अंगात आता शिकवण्याचं बळ आलं होतं. हे शेवाळ तर पूर्ण निरुपद्रवी, असं सांगत मी दुसऱ्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि बसल्या बसल्या पाचव्या पायरीवर पोचलो. भिंग हातातून सुटलं नाही ही देवाची कृपा. पिशवीतलं पुस्तक मात्र पाण्यात गेलं आणि उघडं होऊन शांतपणे तरंगत राहिलं.

सुभेदार हसले नाहीत. वर उभे राहून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "याला रिपोर्टात काय ल्ह्याचं?"

मी म्हणालो, भिंतीला निरुपद्रवी, माणसाला उपद्रवी, चालायच्या पायऱ्या घासून घ्याव्या. तो एक हुकूम त्यांना मनापासून पटला. करवतवाल्यांपैकी एकजण खाली उतरून पुस्तक काढून गेला. पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली होती. म्हणजे आता जे काही करायचं ते स्वतःच्या डोक्यानं.

जेवायला बसलो तो मी एका कुल्ल्यावर. तिकडं कोरड्यास म्हणतात ते वाटाण्याचं कालवण होतं, बाजरीची भाकरी होती, आणि वास असा की दुखणं विसरावं. वाढायला सुभेदारीणबाई होत्या, पन्नाशीच्या, ठेंगण्या, कपाळभर कुंकू. भाकरी वाढताना त्या खाली वाकल्या आणि मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "कागुद पोचला म्हनायचा."

मग मला अंगठा कुणाचा ते कळलं. मी मान हलवली. सात नंबरच्या कैऱ्यांचं लोणचं त्या घरात दोन पिढ्या घातलं जात होतं, आणि ते झाड पडलं तर आपण माहेरी जाऊ, असं त्यांनी आधी तोंडी सांगून पाहिलं होतं. सुभेदारांनी ते तोंडी असल्यामुळं मनावर घेतलं नव्हतं.

मी कोरड्यासाची तारीफ केली आणि मसाल्यात काय काय घालता असं विचारलं. त्या एकेक सांगू लागल्या. धने, खोबरं, तीळ, लवंग, दालचिनी, तमालपत्र, दगडफूल.

मी म्हणालो, काकी, दगडफूल बघू जरा.

त्यांनी डबा आणला. आत कुरळ्या कडांच्या राखी पापड्या, सात नंबरच्या अंगावर होत्या तशाच. मी एक उचलून सुभेदारांसमोर धरली आणि सांगितलं, हाच तुमचा रोग.

सुभेदारांचा घास हातात राहिला. त्यांनी डब्याकडं पाहिलं, मग बायकोकडं.

"किती वर्सं घालतीस?"

"लगीन होऊन आल्यापास्नं. माझी सासू बी घालायची."

मग सुभेदारांनी डावा हात माझ्यापुढं केला आणि भिंग मागितलं. शर्टाची बाही वर करून, दाराच्या उजेडात जाऊन, त्यांनी आपल्या कोपरापासून मनगटापर्यंत सगळी कातडी तपासली. मग दुसरा हात. मग मला मानेमागं बघायला लावलं. काही नव्हतं. एक जुना गोळीचा व्रण होता, तो त्यांनी ओळखीचा म्हणून सोडून दिला. परत ताटावर येऊन त्यांनी शांतपणे आणखी एक पळी कोरड्यास मागून घेतलं.

खरी परीक्षा माझी त्यानंतर झाली, ती सुभेदारीणबाईंनी घेतली. झाडावरचं सगळंच दगडफूल सारखं नसतं, असं त्या म्हणाल्या. चुना सांडल्यागत चिकटतं ते सालीपासून सुटतच नाही, ते काही कामाचं नाही. वर राखी, खाली काळं, कडा सुट्या, आणि गरम तेलात टाकल्यावर रानाचा वास येतो, ते मसाल्याचं. दुसरं एक दिसायला तसंच असतं पण चव कडू, ते त्या घेत नाहीत. दर दिवाळीनंतर वरच्या डोंगरातून बायका टोपल्या भरून आणत आणि त्या एकेक पापडी उलटी करून निवडत. मी पुस्तकात निम्म्या पानात वाचलेलं त्यांना बोटांनी येत होतं. ओळखू येईल तेवढंच खावं, हे त्यांचं शेवटचं वाक्य मी पुढं अनेक सरकारी व्याख्यानांत स्वतःचं म्हणून वापरलं.

पण सुभेदार एवढ्यानं हटणारे नव्हते. जेवण झाल्यावर ते आम्हा सगळ्यांना पुन्हा सात नंबरखाली घेऊन गेले, करवतवाल्यांसकट. मसाल्याचं ठीक आहे, म्हणाले, पण तो वरचा दांडा मेला कसा? त्यांनी बोट दाखवलं. उजवीकडची एक जाड फांदी शेंड्याकडं पार वाळलेली, एक पान नाही, आणि तिच्यावर इतकं दगडफूल की साल दिसत नव्हती. जिथं चट्टे जास्त तिथं मरण, आणखी काय पुरावा पाहिजे?

हा प्रश्न बरोबर होता आणि क्षणभर मीही गडबडलो. मग मी करवतवाल्यांतल्या एकाला तांब्याभर पाणी आणायला सांगितलं. बुंध्यावरच्या वाळक्या शेवाळावर आणि एका राखी पापडीवर ते ओतलं. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. मिनिटभरात शेवाळाची मिटलेली पानं उलगडली आणि तपकिरीचं हिरवं झालं. पापडीही ओली होऊन हिरवट दिसू लागली, कारण वरची साय भिजली की आतलं शेवाळ दिसतं. मी म्हणालो, बघा, यांची भाकरी यांच्यापाशीच आहे. पाणी आणि उजेड मिळाला की झालं. फांदी आधी मेली, तिची पानं गेली, पानं गेली म्हणून तिथं ऊन आलं, आणि ऊन आलं म्हणून दगडफूल माजलं.

सुभेदारांनी मिशीला हात लावला.

"म्हंजी मयताला जमल्याली माणसं ही. खून यांनी केला न्हाई."

मी म्हणालो, अगदी तसंच.

"मग केला कुनी?"

मी वर पाहिलं. मेलेल्या फांदीच्या मुळाकडं, जिथं ती अजून जिवंत होती, तिथं जाड पानांचं एक गचपण फुटलं होतं. पानं आंब्याची नव्हती. नारिंगी-तांबड्या नळकांड्यासारख्या फुलांचे झुबके लागले होते आणि एक इवलासा पक्षी त्यांत चोच घालत होता. झाडावर अशी आणखी दोन गचपणं होती. मी विचारलं, हे काय?

सुभेदारांची छाती फुगली. ते म्हणाले, ती शोभा आहे. सगळ्या बागेत याच एका झाडाला अशी फुलं येतात. झाड नालायक निघालं तरी त्याला मेडलं मिळालेली आहेत, आणि कैऱ्या उतरवताना त्यांना हात लावायचा नाही असा गड्यांना कडक हुकूम आहे.

ते बांडगूळ होतं. मी शक्य तितक्या सौम्यपणे सांगितलं की खुनी हाच. याचं बी पक्षी फांदीवर टाकतो, ते रुजून सालीत घुसतं आणि आंब्याचा रस पितं. जिथं घुसलंय तिथं फांदीला गाठ आलीय बघा. पुढच्या फांदीचं पाणी हाच पिऊन बसतो, म्हणून ती वाळली. एका माणसाला फांदीवर चढवून मी दाखवून घेतलं. खाली खरोखरच माणसाच्या गुडघ्याएवढी गाठ होती. नुसती पानं ओरबाडून भागणार नव्हतं, गाठीच्या मागं हातभर फांदी कापायला हवी होती.

आणि तेवढ्यात माझं लक्ष रंगवलेल्या बुंध्याकडं गेलं. घासून घासून सोललेल्या सालीत दोन भोकं होती आणि खाली भुसा पडला होता. खोडकिडा. सालीला जखम झाली की भुंगेरा तिथं अंडी घालतो. एवढे दिवस निरुपद्रवी चट्टे काढायच्या पायी सुभेदारांनी त्याला दार उघडून दिलं होतं. मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी वाकून दोन्ही भोकांत बोट घालून पाहिलं. लढाईत चुकीच्या खंदकावर गोळीबार केल्यासारखं वाटलं, असं पुढं एकदा त्यांनीच मला सांगितलं.

मग ते वळले आणि करवतवाल्यांना म्हणाले, "हुकूम बदलला. झाड ठेवायचं, मेडलं काढायची."

करवतवाल्यांचं काहीच म्हणणं नव्हतं. दोर बांधून तिन्ही फांद्या उतरवल्या. पहिलं गचपण खाली येताना सुभेदारांचा उजवा हात कपाळाकडं निघाला होता, तो त्यांनी मिशीवर वळवला. सुभेदारीणबाई विहिरीच्या काठावर बसून सुपारी कातरत सगळं पाहत होत्या आणि प्रत्येक फांदी पडली की सुपारीचं एक खांड तोंडात टाकत होत्या. मी तारेनं भोकातली अळी ओढून काढली, रॉकेलात बुडवलेला कापूस आत घातला आणि वरून माती लिंपली. एवढं काम मात्र मला कॉलेजात नीट आलं होतं.

निघताना सुभेदारांनी सर्टिफिकेट मागितलं. बावीसही झाडांचं, नंबरवार. मी ओसरीवर बसून लिहिलं. एकवीस फिट. सात नंबर उपचाराखाली, हलकं काम द्यावं. घासणं बंद. चुन्यानं नुकसान नाही, पण गरजही नाही. बाशिंग राहू द्यावं. खाली सही केली. हे सर्टिफिकेट त्यांनी काच लावून ओसरीवर टांगलं आणि त्याची नक्कल कचेरीतही पाठवली. ती साहेबांच्या हाती पडली. झाडाला हलकं काम म्हणजे काय, असा लेखी खुलासा माझ्याकडं मागवण्यात आला. मी त्या वर्षी मोहोर खुडावा असं उत्तर लिहिलं आणि नशिबानं ते शास्त्राला धरून निघालं.

तिसऱ्या उन्हाळ्यात सात नंबरला भरपूर कैऱ्या आल्या. तोवर माझी बदली सांगलीला झाली होती. सुभेदार एका लग्नासाठी सांगलीस आले तेव्हा लोणच्याची बरणी घेऊन माझ्या बिऱ्हाडी आले. मधल्या काळात त्यांनी या विषयात पुष्कळ प्रगती केली होती. भिंग विकत घेतलं होतं आणि पंचक्रोशीत कुणी झाड घासताना दिसला की ते त्याला थांबवून बुरशी-शेवाळाचा संसार समजावून सांगत.

संध्याकाळी आम्ही पेठेतून चाललो होतो. एका हळदीच्या जैन व्यापाऱ्याच्या दुकानापुढं कडुलिंबाचं झाड होतं आणि त्याच्या बुंध्यावर छातीएवढ्या उंचीवर पांढऱ्या ठिपक्यांचा दाट पट्टा. दुकानातला गडी ओलं फडकं घेऊन तो पुसायला निघाला होता. सुभेदारांनी त्याला हात करून थांबवलं, भिंग लावलं आणि दुकानात बसलेल्या व्यापाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की हे दगडफूल आहे, चिकटी जात, जिवंत वस्तू आहे, झाडाचं काही खात नाही, हात लावू नये. मीही जवळ जाऊन पाहिलं आणि, खरं सांगायचं तर, मानही डोलावली.

व्यापारी बाहेर आले. वयस्क, सौम्य गृहस्थ, तोंडात पान. त्यांनी सगळं आदरानं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आवं, माझाच चुना हाय त्यो." आणि बोटाला राहिलेला चुना बुंध्याला पुसून ते परत गादीवर जाऊन बसले.

सुभेदारांनी भिंग खिशात ठेवलं. लग्नघर येईपर्यंत आम्ही दोघंही हळदीच्या भावाबद्दल बोलत राहिलो.